घराचं नाव आधारवर एक, बँकेत दुसरं, पासपोर्टला तिसरं: कुठलं स्पेलिंग धरायचं आणि बाकीचं कसं सरळ करायचं

आईचा पहिलावहिला पासपोर्ट काढायचा होता, म्हणून मागच्या दिवाळीत वाईला गेले तेव्हा घरातले सगळे कागद टेबलावर पसरले आणि डोक्याला हात लावला. आमच्या घराचं नाव मातृछाया. दारावरच्या दगडी पाटीवर मराठीत कोरलेलं आहे, त्यामुळे मराठीत कधीच काही घोळ नव्हता. इंग्रजीत मात्र प्रत्येक कागदावर घराचं वेगळंच बारसं झालेलं. घर नंबर इथे बदललाय, बाकी जसं होतं तसं देतेय:

```
आईचं आधार   : Matru Chaya, 1187, Madhali Aali, Wai
दादाचं आधार : Matruchhaya House, Madhli Ali, Wai
लाईट बिल    : MATRUCHAYA MADHALI ALI WAI
आईचं बँक खातं: Mother Shadow, Middle Alley, Wai
```

चौथी ओळ वाचून आधी हसून घेतलं. झालं असं की दादाने बँकेचा पत्ता बदलायचा ऑनलाईन फॉर्म भरताना घरपट्टीची मराठी पावती ट्रान्सलेटरमध्ये टाकली आणि जे आलं ते कॉपी-पेस्ट केलं. मातृ म्हणजे मदर, छाया म्हणजे शॅडो, मधली म्हणजे मिडल. त्यानंतर आलेलं चेकबुक पत्ता सापडला नाही म्हणून परत गेलं. आमचे पोस्टमनकाका आळीतल्या प्रत्येक घराला नावाने ओळखतात, पण मिडल अ‍ॅली वाईत कुठे आहे हे त्यांना तरी कसं कळणार, आणि त्यात घर नंबरही दादाने टाकला नव्हता.

हा गोंधळ खूप घरांत असतो आणि दर नव्या फॉर्मला परत डोकं वर काढतो, म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर लिहितेय.

मुळात होतं का असं

मराठीतून इंग्रजीत नाव नेताना एकच एक बरोबर स्पेलिंग असतं ही समजूत आधी सोडून द्या. मातृछाया हेच बघा. यातला तृ आपण त्रु म्हणतो, हिंदीवाले त्रि म्हणतात, त्यामुळे पुण्यातला माणूस Matru लिहील आणि हिंदी बोलणारा ऑपरेटर Matri लिहील. कृपाचं Krupa आणि Kripa, स्मृतीचं Smruti आणि Smriti हे याच कारणाने. मग छ. नियमाने chh, पण निम्मी जनता ch लिहिते कारण छायाचं Chaya डोळ्याला सवयीचं झालंय. (संस्कृतवाले म्हणतील की संधी करून मातृच्छाया होतं. असेल, पण पाटीवर नाही ना तसं, आणि Matruchchhaya बँकेच्या फॉर्ममध्ये कोण लिहिणार.) त्यावर परत एक शब्द का दोन शब्द हा प्रश्न आहेच. म्हणजे एकाच नावाची सहा-आठ रूपं आरामात होतात आणि त्यातलं एकही चुकीचं म्हणता येत नाही.

तुमच्या घराचं नाव वेगळं असेल पण गोम याच तीन-चार जागी असते. ज्ञानदीप मराठी माणूस Dnyandeep लिहितो, बाहेरचा Gyandeep. शिवालय असेल तर शेवटी a लावायचा की नाही. श्री असेल तर Shri, Shree, Sri. निवास असेल तर Niwas की Nivas, वाडा असेल तर Wada की Vada. ळ ला तर इंग्रजीत अक्षरच नाही, तो गुमान L होतो, म्हणून आळीचं Ali होतं आणि ते परत मराठीत आणलं की अली होतं.

ते परत मराठीत आणणं कुठे होतं, तर आधारवर. कार्डावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं म्हणून आपल्याला वाटतं की मराठी खरं आणि इंग्रजी त्याचं रूपांतर. बहुतेक वेळा असतं उलटं. पत्ता इंग्रजीत टाईप होतो आणि मराठी सॉफ्टवेअर आपोआप बनवतं, मग कोणी बघून दुरुस्त केलं तर केलं. आईच्या कार्डावर मधली आली असं छापलेलं आहे ते त्यामुळेच. बँक किंवा पासपोर्टच्या फॉर्ममध्ये जे जातं ते इंग्रजीच, त्यामुळे मराठी बाजू सुंदर असूनही इंग्रजी बाजू बिघडलेली असू शकते. कार्ड बघताना नजर आधी इंग्रजी ओळीवर टाका.

मग कुठलं स्पेलिंग धरायचं

इथे माझं आणि दादाचं चांगलंच वाजलं. मला Matruchhaya हवं होतं, कारण छ ला chh हेच बरोबर. दादा म्हणाला, बरोबर असेल, पण तुला आईचं आधार बदलावं लागेल, मग बँक, मग बाकी सगळं. आई म्हणाली, तुम्ही दोघं भांडा, मी चहा टाकते. दोन दिवसांनी मी दादाचं ऐकलं आणि आता वाटतं तेच योग्य होतं.

आम्ही धरलेला नियम असा: ज्याचा फॉर्म भरायचाय त्याच्या आधारवर घराचं नाव ओळखू येईल असं असेल, म्हणजे मराठी माणसाने वाचलं तर तोंडातून मातृछाया असंच बाहेर पडेल, तर तेच स्पेलिंग कायमचं. एक h कमी असला तरी चालेल, स्पेस असली तरी चालेल, ते अक्षर न् अक्षर तसंच सगळीकडे कॉपी करायचं. स्पेलिंग सुंदर असण्यापेक्षा जो कागद तुम्ही सोबत जोडणार आहात त्याच्याशी जुळणं जास्त कामाचं आहे, कारण काउंटरवरचा माणूस मातृछायाचं व्याकरण तपासत नाही, तो फॉर्मवरची ओळ आणि कागदावरची ओळ शेजारी शेजारी धरून बघतो.

याला एक अपवाद. घरात कोणाचा चालू पासपोर्ट याच पत्त्याचा असेल तर त्यावरचं स्पेलिंग धरा, कारण पासपोर्टवरचं काहीही बदलायचं तर रीइश्यूला टाकावा लागतो, अपॉइंटमेंट घ्या, फी भरा. आधारचा पत्ता त्या मानाने सोपा, आणि जन्मतारखेसारखं कितीदा बदलायचा यावर बंधनही नाही. आमच्याकडे पासपोर्ट कोणाकडेच नव्हता, म्हणून आईचं Matru Chaya जिंकलं.

आधारवर नावच नसेल, नुसता घर नंबर असेल तर? मग माझं मत, बँक आणि पासपोर्टच्या फॉर्ममध्येही नाव घुसवू नका. पुराव्यात नसलेला शब्द फॉर्ममध्ये आला की प्रश्न सुरू. नाव हवंच असेल तर आधी आधारवर आणा.

काय भाषांतर करायचं, काय नाही

दादाचं मदर शॅडो प्रकरण टाळायला एवढं पुरतं: पाटीवर जे लिहिलंय किंवा तोंडाने जे नाव घेतात ते भाषांतर करायचं नाही, फक्त लिपी बदलायची. कमल निवास हे Kamal Niwas, लोटस रेसिडेन्स नाही. मधली आळी, शनिवार पेठ, नवी पेठ हे सगळं तसंच, नवी पेठचं New Peth करू नका. रस्ता सांगणारे शब्द मात्र इंग्रजी करा, जवळ म्हणजे Near, समोर म्हणजे Opp., मागे म्हणजे Behind. पण त्यातलं देऊळ आपल्या नावानेच राहू द्या, Near Maruti Mandir लिहा. घर नं., प्लॉट नं. हे House No., Plot No. होतं, गट नंबर मात्र Gat No. असाच लिहितात, त्याचं Group No. केलेलं मी एका नातेवाईकांच्या कागदावर पाहिलंय.

शहर-गावाचं नाव तर स्वतः स्पेलच करू नका. ते आधीच ठरलेलं असतं आणि कधीकधी उच्चाराशी त्याचं काही नातं नसतं. शीवचं Sion, वांद्र्याचं Bandra, गोव्यात तर पोर्तुगीजांच्या कृपेने मडगावचं Margao आणि म्हापशाचं Mapusa. पोस्टाच्या साईटवर पिनकोड टाकून ऑफिसचं नाव ज्या स्पेलिंगने येतं ते घ्या. वाईचा 412803 टाकला की Wai येतं, Vai नाही, विषय संपला. जिल्ह्याचं नाव बदललेलं असेल, म्हणजे धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, तर फॉर्मच्या यादीत जे दिसतं ते निवडा. काही ठिकाणी अजून जुनंच नाव असतं आणि तिथे तुमच्या हातात काही नसतं.

खेड्यातला पत्ता असेल तर मु. पो. नीट फोडा. मु. म्हणजे राहायचं गाव, पो. म्हणजे पोस्ट असलेलं गाव, आणि ही दोन वेगळी असू शकतात. आधारमध्ये गावाचा रकाना वेगळा, पोस्ट ऑफिसचा वेगळा. ज्या फॉर्मात पोस्टाचा रकाना नाही तिथे At अमुक, Post तमुक असं एका ओळीत लिहा. दोन्हीसाठी एकच नाव खपवलं की वाडी-वस्तीवरचं टपाल हमखास भलतीकडे जातं.

नाव कुठल्या रकान्यात

स्पेलिंग जुळूनही नाव गळतं ते रकान्यांमुळे. आधारमध्ये घर-इमारतीचा रकाना, रस्त्याचा, खुणेचा, परिसराचा असं सगळं वेगवेगळं. बँकेच्या केवायसी फॉर्मात नुसत्या पत्त्याच्या तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीला अक्षरांची मर्यादा. पासपोर्टच्या फॉर्मात House No. and Street Name असा एकच रकाना, मग गाव, जिल्हा, पोलीस स्टेशन, पिन. तुम्ही घराचं नाव एकदा घरच्या रकान्यात, एकदा खुणेत आणि एकदा परिसरात टाकलंत तर छापताना क्रम बदलतो, आणि मर्यादा संपली की शेवटचं जे असेल ते कापलं जातं. बहुतेक वेळा घराचं नावच कापलं जातं, कारण लोक ते कौतुकाने शेवटी लिहितात.

म्हणून आम्ही क्रम पक्का केला: आधी घर नंबर, त्याला लागून घराचं नाव, मग आळी. मोबाईलच्या नोट्समध्ये हे सेव्ह करून ठेवलंय आणि घरातल्या सगळ्यांना पाठवलंय, फॉर्म भरताना इथूनच कॉपी करायचं, आठवणीने टाईप करायचं नाही:

```
1187 Matru Chaya, Madhali Aali
Wai, Tal. Wai, Dist. Satara
Maharashtra 412803
```

तुम्ही म्हणाल आधारवर आधी नाव आहे मग नंबर, इथे उलटं कसं. क्रम मागेपुढे झाला तर आम्हाला कुठेच कोणी अडवलं नाही, शब्द आणि नंबर तेच असले की झालं. नंबर पुढे घेण्याचं कारण इतकंच, की कधी नाव कापलं गेलंच तर नंबर तरी वाचतो. खाडाखोड न करता कागदी फॉर्म भरायचा असेल, ते एका चौकोनात एक कॅपिटल अक्षरवाले, तर MATRU आणि CHAYA मध्ये एक चौकोन रिकामा सोडा. तो विसरला की डेटा एंट्रीवाला MATRUCHAYA टाकणार आणि परत लाईट बिलासारखाच घोळ तयार.

दुरुस्तीचा क्रम

आधी आधार, मग बँक, पासपोर्ट सगळ्यात शेवटी.

आईचं आधार होतं तसंच ठेवलं. दादाचं बदलायचं होतं, कारण त्यात House हा शब्द फुकटचा आणि घर नंबर गायब. इथे एक फार उपयोगाची सोय सापडली. आधारच्या साईटवर कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता घ्यायची सोय २०२३ पासून आहे. दादाने आपल्या लॉगिनमधून आईचा आधार नंबर टाकला, दोघांची नावं आणि नातं दिसतं असं रेशनकार्ड अपलोड केलं, फी भरली. आईच्या मोबाईलवर मेसेज आला, तिच्या लॉगिनमधून मी मंजुरी दिली (तीस दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर रिक्वेस्ट बाद होते आणि फी पण गेली). यात पत्ता टाईप करायचाच नसतो, आईचा पत्ता तसाच्या तसा येतो, म्हणजे नवीन स्पेलिंग जन्माला यायला वावच नाही. घरात पाच माणसं आणि पाच स्पेलिंगं असतील तर आधी एकाचं नीट करा आणि बाकीच्यांना त्याच्यावरून उतरवून घ्या.

त्या एकाचं नीट करताना पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो आणि तिथे लोक अडकतात, की पुराव्यावर स्पेलिंग वेगळंय, चालेल का. घर नंबर, गल्लीचं नाव यांसारखी छोटी भर किंवा टायपिंगची चूक सुधारता येते, मूळ पत्ता तोच राहिला पाहिजे. म्हणजे लाईट बिलावर MATRUCHAYA आणि तुम्ही लिहिताय Matru Chaya, यात मूळ पत्ता काही बदलत नाही. पण बिलावर मातृछाया आणि तुम्ही लिहिताय भलत्याच सोसायटीचं नाव, तर ते नाकारणार. केंद्रावर जाऊन करत असाल तर ऑपरेटर सबमिट करण्याआधी स्क्रीनवर आणि मिळालेल्या पावतीवर इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचा. लाजू नका, मागे रांग असली तरी वाचा.

मग बँक. आधार बदललं म्हणून बँकेतलं आपोआप बदलत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. शाखेत जाऊन केवायसीत पत्ता दुरुस्तीचा फॉर्म, सोबत आधारची कॉपी. काउंटरवरच्या ताईंनी मदर शॅडो वाचलं, वर बघितलं, परत वाचलं आणि विचारलं, हे तुमचंच घर का हो? आईने शांतपणे सांगितलं, घर आमचंच, नाव कॉम्प्युटरने ठेवलं. चार दिवसांत झालं, पण नेटबँकिंगमध्ये पत्ता बदलला तरी पासबुकाच्या पहिल्या पानावर जुनाच राहतो, ते पान नव्याने छापून मागा. पासपोर्टला फोटोवालं पासबुक पुरावा म्हणून देणार असाल तर हे फार महत्त्वाचं.

भाड्याने राहत असाल आणि आधारवर गावाचाच पत्ता ठेवायचा असेल तर बँकेत चालू पत्ता स्वतःच्या सहीच्या निवेदनावर वेगळा देता येतो, त्यासाठी आधार बदलायची गरज नाही. फक्त तो दुसरा पत्ताही एकदाच नीट ठरवा.

शेवटी पासपोर्ट. फॉर्ममध्ये नोट्समधली ओळ पेस्ट केली, पोलीस स्टेशन वाई निवडलं. पडताळणी चालू पत्त्यावर होते आणि पासपोर्ट स्पीड पोस्टने त्याच पत्त्यावर येतो, त्यामुळे इथे कागद जुळणं जितकं गरजेचं तितकंच प्रत्यक्ष दारात उभं राहिल्यावर घर ओळखू येणं गरजेचं. आमची पाटी फक्त मराठीत होती, म्हणून दादाने गेटवर छोटी इंग्रजी पाटी लावायचं ठरवलं. पेंटरला व्हॉट्सअ‍ॅपवर स्पेलिंग पाठवलं तरी त्याने MATRU CHHAYA रंगवून आणलं, म्हणे ताई तुमचं चुकलेलं मी सुधारलं. तो h पुसायला लावला. मनातून मला तोच बरोबर वाटत होता, ते सांगितलं नाही.

पोलीस स्टेशनमधून आलेले गृहस्थ आधार बघून, पाटी बघून, शेजाऱ्यांना विचारून गेले, पासपोर्ट आला.

लाईट बिल अजून तसंच आहे, MATRUCHAYA. ते आजोबांच्या नावावर आहे, आधी नाव बदलायला वारसाची कागदपत्रं लागतील, आणि तोपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून आम्ही ते कुठे देत नाही, आधारच देतो. घर भाऊबंदकीत सामाईक आहे म्हणून नाव बदलायचं काकांशी बोलून ठरेल तेव्हा पत्ताही त्याच अर्जात नीट करून घेऊ.